फोटोतला बायोडाटा आणि चुकलेला रकाना

रोजगार मेळाव्यात उमेदवार छापील बायोडाटा टेबलावर ठेवतो, समोरचा माणूस मोबाइलने त्याचा फोटो काढतो आणि कागद गठ्ठ्यात जातो. त्या फोटोतून शिक्षण, नोकऱ्या आणि कौशल्यं आपापल्या रकान्यांत उतरवण्याचं काम पुढे संगणकाकडे येतं. स्वच्छ छापलेली अक्षरं ओळखणं त्याला आता फारसं जड जात नाही; टेसरॅक्ट ही मोफत प्रणालीही मराठी वाचते. गफलत होते ती कोणता शब्द कोणत्या रकान्यातला, हे ठरवताना.

अर्थात फोटो धड असला तर. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी टिपायचा तर उंचीत सुमारे ३,५०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा कॅमेरा तेवढे सहज देतो. पण तोच फोटो मेसेजिंग ॲपवरून आकुंचन पावून १,६०० पिक्सेलांचा झाला, की इंचाला जेमतेम १३७ ठिपके उरतात. मग दशांशचिन्हाचा टिंब पुसट होतो आणि ७८.४० चे ७८४० होतात.

आता एका वाणिज्य पदवीधराचा काल्पनिक बायोडाटा घेऊ. त्यात नेहमीचा तक्ता आहे: परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के, श्रेणी. बी.कॉम.च्या ओळीत टक्क्यांचा रकाना कोरा आहे. शब्द नुसते डावीकडून उजवीकडे ओळीने भरत गेलो, तर ‘प्रथम’ ही श्रेणी टक्क्यांच्या जागी जाऊन बसते. म्हणून वाचणारी प्रणाली प्रत्येक शब्दासोबत कागदावरची त्याची जागाही देते: डावीकडून किती, वरून किती. ‘प्रथम’ हा शब्द ‘श्रेणी’ या शीर्षकाच्या खाली येतो, ‘टक्के’ च्या नव्हे, हे त्या आकड्यांवरून कळतं. पण कागद वाकलेला किंवा तिरका असेल, तर ओळीचं एक टोक खाली सरकतं आणि शेजारच्या ओळीतला शब्द आत घुसतो. त्यामुळे फोटो आधी सरळ करावा लागतो. हे सगळं जमलं की हाती येतं ते असं:

```json
{"exam": "बी.कॉम.", "university": "पुणे विद्यापीठ",
 "year": 2019, "percent": null, "class": "प्रथम"}
```

इथला `null` म्हणजे शून्य टक्के नव्हे. ‘कागदावर नाही’ एवढाच त्याचा अर्थ. फोटो पाहून थेट उत्तर देणारी नवी एआय मॉडेल्स नेमकी इथे घसरतात. बाकीचा तक्ता पाहून ती कोऱ्या जागी शोभेलसा आकडा भरून देऊ शकतात, आणि तो इतका साजेसा असतो की कुणाला शंकाही येत नाही. उपाय रुक्ष पण चांगला आहे: प्रत्येक नोंदीसोबत ती कागदावर जिथे दिसली तो तुकडाही मागायचा. तुकडा दाखवता आला नाही, तर नोंद रद्द.

विद्यापीठाचं नाव जसं छापलंय तसंच ठेवावं. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, पण बायोडाट्यांत दोन्ही नावं येतात. शोधासाठी दोन्हींना एकच संकेतांक द्यावा. मूळ मजकूर मात्र बदलू नये.

काही चुका हिशेबाने पकडता येतात. दहावी २०१४ ची आणि पदवी २०१०ची निघाली, तर एखादा नऊ शून्य म्हणून वाचला गेला असणार. टक्के शंभराच्या वर गेले, तर टिंब हरवला. पण ७८.४० चे ७३.४० झाले, तर असा कोणताही नियम ओरडत नाही. तिथे प्रणालीला त्या अक्षराची किती खात्री वाटली तो आकडा पाहायचा आणि तो कमी असला तर माणसाने मूळ फोटो उघडायचा. खात्रीने केलेली चूक त्यातूनही निसटते, म्हणून गुणांवर निवड ठरणार असेल तर गुणपत्रिका मागवणंच बरं.

नोकऱ्यांच्या भागात सगळ्यात फसवा शब्द ‘आजतागायत’. ‘जून २०१९ ते आजतागायत’ यातला आज कोणता? फोटो काढला तो नव्हे, बायोडाटा लिहिला तो. आपल्याकडे तळाशी सहीजवळ ‘ठिकाण’ आणि ‘दिनांक’ लिहिण्याची पद्धत आहे, ती इथे फार कामाची. तिथे मार्च २०२१ असेल, तर कागदाने सिद्ध होणारा अनुभव पावणेदोन वर्षांच्या आसपासचा. पुढचा उमेदवारालाच विचारावा.

कौशल्यांचा रकाना भरताना हात आखडता ठेवावा. ‘मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट’ यातून भाषा आणि वेग असे दोन नेमके रकाने भरतात. एमएस-सीआयटी मात्र बहुधा शिक्षणाच्या तक्त्यात दिसते. तिची नोंद अभ्यासक्रम म्हणून घ्यावी. ती केली म्हणजे एक्सेल येतं, असं गृहीत धरून कौशल्यांत ‘एक्सेल’ घालणं म्हणजे उमेदवाराने न केलेला दावा त्याच्या नावावर चढवणं. मुलाखतीत एक्सेलवरचा प्रश्न आला, की उत्तर त्यालाच द्यावं लागतं.