केटररची चित्रफीत पाहताना

बाळकुम, माजिवडे, कोलशेत या परिसरात लग्नकार्य ठरले, की केटररकडून अनेकदा आधी मोबाइलवर चित्रफीतच येते. आवडीने पदार्थ चाखणारी मंडळी, चकचकीत स्वयंपाकघर आणि 'ताटाला अमुकपासून तमुकपर्यंत' असा दर, असे तिचे साधारण स्वरूप असते. यात खोटे काही नसेलही. पण तो स्वयंपाक दहा जणांसाठी केलेला आणि कढईतून थेट ताटात वाढलेला असतो. कार्यात मात्र चारशे पाने उठायची असतात आणि पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत तीन-चार तास सहज जातात.

या मधल्या वेळेतच खरा धोका असतो. भातात 'बॅसिलस सीरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानंतरही टिकतात. भात बराच वेळ कोमट राहिला, की जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे तयार होणारे उलट्या घडवणारे विष भात पुन्हा गरम केला तरी नष्ट होत नाही, आणि वासावरून वा चवीवरून ते ओळखताही येत नाही.

म्हणून टोपी आणि हातमोजे यांपेक्षा तापमानाची चौकशी अधिक महत्त्वाची ठरते. वाढेपर्यंत गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि बासुंदी, श्रीखंडासारखे थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. केटररकडे थर्मामीटर आहे का आणि गरम पेट्या किती आहेत, हे विचारावे. स्वयंपाक डोंबिवलीत होऊन भिवंडीमार्गे बाळकुमला येणार असेल, तर कशेळी पुलावरची वाहतूक कोंडीही हिशेबात धरावी लागते. अशा वेळी निदान भात आणि पुऱ्या सभागृहातच करण्याची अट घालणे श्रेयस्कर. चव पाहतानाही एखादी भाजी दोन तास गरम पेटीत ठेवून मगच चाखावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर असणे बंधनकारक आहे. तो आधीच मागून घ्यावा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा.

दराचेही तसेच आहे. समजा, ताटाला ६०० रुपये दर ठरला आणि ४०० ताटांची हमी दिली. पाहुणे ३२० आले, तरी बिल २ लाख ४० हजारांचेच होणार. म्हणजे प्रत्यक्षात ताट पडले ७५० रुपयांना. त्यामुळे हमीची संख्या थोडी कमी ठेवून जादा ताटांचा दर आधी ठरवणे परवडते. वाढपी, पिण्याचे पाणी, गॅस, वाहतूक आणि कर दरातच आहेत की वेगळे, हेही विचारले पाहिजे.

या सर्व गोष्टी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी करारात लिहून घ्याव्यात. चित्रफितीतले ताट आणि मांडवातले ताट यांत फरक पडलाच, तर यजमानाच्या हाती तोच कागद राहतो.