नोकरी सोडणाऱ्याच्या फाइली

गूगल ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलला तयार होतानाच अक्षरे-आकड्यांची एक लांब ओळख मिळते. शेअर केलेली लिंक ही या ओळखीवर उभी असते. फाइलचे नाव, फोल्डर किंवा मालक बदलला तरी ती ओळख तीच राहते, म्हणून लिंकही चालू राहते. लिंक तुटते ती फाइल उतरवून दुसऱ्याच्या खात्यात पुन्हा चढवल्यावर, किंवा ‘Make a copy’ केल्यावर. तेव्हा जन्मते ती नवी फाइल, जुन्या बदलांच्या इतिहासाशिवाय. घाईत नेमके हेच केले जाते.

समजा, एका कारखान्याच्या विक्री विभागातली व्यक्ती नोकरी सोडते आहे. तिने केलेल्या दरपत्रकाची लिंक विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरते आहे. शेवटच्या दिवशी खाते थेट काढून टाकायचे नाही. आधी ते निलंबित करायचे. त्यामुळे तिचे लॉगइन बंद होते, पण दरपत्रक विक्रेत्यांना उघडत राहते. मग ॲडमिनने Admin console मध्ये Drive and Docs च्या सेटिंगमधल्या Transfer ownership इथे जुन्या मालकाचा आणि सहकाऱ्याचा ईमेल पत्ता भरायचा. सहकारी त्याच संस्थेच्या खात्यातला असावा लागतो. खासगी जीमेलवर मालकी अशी देता येत नाही. काम संपल्यावर सहकाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जुन्या मालकाच्या पत्त्याच्या नावाचे फोल्डर दिसते.

आता पडताळणी. फाइलच्या तपशिलात मालक म्हणून नवे नाव हवे आणि व्हॉट्सॲपवरची जुनी लिंक, लॉगइन न केलेल्या खिडकीत, तशीच उघडायला हवी. दोन्ही झाल्यावरच खाते काढायचे. काढलेले खाते 20 दिवसांच्या आत परत आणता येते. नंतर ती सोय उरत नाही.

मालकीबरोबर सगळेच मात्र जात नाही. Apps Script मधले ट्रिगर ज्याने लावले त्याच्या नावाने चालतात, त्यामुळे दर सोमवारी आपोआप जाणारा अहवाल गुपचूप थांबतो. तो सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून नव्याने लावावा लागतो. IMPORTRANGE ने दुसऱ्या शीटमधून आकडे आणायची परवानगीही ती देणाऱ्या व्यक्तीशी बांधलेली असते. ती व्यक्ती मूळ शीटवरून हटली की आकड्यांच्या जागी #REF! येऊ शकते. अशा शीट कोणत्या, हे नोकरी सोडणाऱ्या व्यक्तीलाच ती जाण्याआधी विचारून ठेवावे, कारण खात्याकडे बाहेरून पाहून त्या सापडत नाहीत.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये हा हिशेब वेगळा. तिथल्या फाइलच्या पत्त्यातच व्यक्तीच्या खात्याचे नाव असते. म्हणून फाइली सहकाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये नेल्या की जुन्या लिंक चालतील असे गृहीत धरता येत नाही. त्या शेअरपॉइंटच्या सामाईक जागेत हलवून, विक्रेत्यांना नवी लिंक आधीच पाठवणे हा तिथला सरळ मार्ग. त्यासाठी वेळ थोडाच असतो: खाते काढल्यावर वनड्राइव्हमधला मजकूर सहसा 30 दिवसच टिकतो. ॲडमिनने मुदत वाढवून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.