साडेसतरा फुटांचा रथ

चैत्री यात्रेच्या मिरवणुकीची परवानगी मागायला लोक नगरपरिषदेत जातात आणि पहिल्याच खिडकीवर त्यांना ऐकावं लागतं, "परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या, आमच्याकडे नाही." लोकांना वाटतं टोलवाटोलवी चालली आहे. पण खिडकीवरचा माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो. मिरवणूक कुठून, किती वाजता आणि कशी जायची हे ठरवण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ नुसार पोलिसांकडे आहेत. नगरपरिषदेच्या हातात असतो तो रस्ता, म्हणजे त्यावरचे खड्डे, उघडी गटारं, पथदिवे, झाडं, टाकलेलं बांधकामाचं साहित्य आणि अग्निशमन बंब. विजेच्या तारा महावितरणच्या. तेव्हा एका मिरवणुकीसाठी तीन दारं आहेत, आणि नगरपरिषदेकडे खरी मागणी रस्ता नीट करून देण्याची असते. ही गोष्ट एकदा लक्षात आली की अर्ज आपोआप वेगळा लिहिला जातो.

नेहमीचा अर्ज कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय : मिरवणुकीस परवानगी मिळणेबाबत. महोदय, सालाबादप्रमाणे यंदाही... तरी सहकार्य करावे ही नम्र विनंती.' हा कागद आवक विभागात शिक्का खातो, 'संबंधितांनी कार्यवाही करावी' असा शेरा त्यावर पडतो, आणि संबंधित कोण हे कुणालाच कळत नाही. 'सालाबादप्रमाणे' या शब्दावर माझा विशेष राग आहे. गेल्या वर्षानंतर रस्ता उंच झालेला असतो, चौकात नवी टपरी आलेली असते, आणि रथसुद्धा फूटभर वाढलेला असतो.

आमच्या गावाचंच उदाहरण घेतो. ग्रामदैवताचा रथ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजतो. देवळापासून नदीच्या घाटापर्यंत साधारण सव्वादोन किलोमीटर. त्या वर्षी अर्ज लिहिण्याआधी आम्ही चौघांनी वही आणि टेप घेऊन तो रस्ता पायी केला. ट्रॉलीचा पाटा जमिनीपासून साडेतीन फुटांवर, त्यावर मखर दहा फूट, मखरावर कळस दोन फूट आणि कळसावर ध्वज दोन फूट. एकूण साडेसतरा फूट. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारेखाली नियमाप्रमाणे ५.८ मीटर, म्हणजे सुमारे १९ फूट मोकळी जागा असायला हवी. कागदावर आमचा रथ दीड फूट राखून जात होता.

प्रत्यक्षात बाजारपेठेच्या वळणावर रस्त्याचं दोनदा काँक्रिटीकरण झालं होतं, आणि दर वेळी रस्ता वर आला होता, तारा होत्या तिथेच होत्या. त्यातून चैत्रातल्या उन्हात तार तापून सैल पडते, तिला झोळ येतो. महावितरणच्या वायरमनने दुपारी दोन वाजता त्याच्याकडच्या विद्युतरोधक मोजकाठीने उंची घेतली. ती भरली १७ फूट. म्हणजे ध्वज तारेत अर्धा फूट घुसणार होता. (ही उंची आपण मोजू नये. धातूची टेप किंवा ओली काठी तारेजवळ नेणं म्हणजे जी दुर्घटना टाळायची तीच ओढवून घेणं.)

असे प्रसंग निभतात ते एका वाईट सवयीने. रथापुढे दोन पोरं बांबू घेऊन चालतात आणि तार वर उचलून धरतात. दर वर्षी जमतं म्हणून यंदाही जमेल असं वाटतं. तमिळनाडूत तंजावरजवळच्या कळिमेडू गावात २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे मंदिराचा रथ वळण घेताना उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जण गेले. रथ वळताना हेलकावतो, मागे सरकतो, ढकलणाऱ्यांचं लक्ष चाकाकडे असतं. धोका सरळ रस्त्यापेक्षा वळणावर जास्त, तो यामुळेच.

मग अर्जात आम्ही लिहिलं ते असं : 'रथाची कळस व ध्वजासह उंची १७ फूट ६ इंच, रुंदी ७ फूट. बाजारपेठेच्या वळणावरील तार १७ फुटांवर आहे. तिथे कळस व ध्वज उतरवून उंची १३ फूट ६ इंच केली जाईल. रथावर पुजारी वगळता कोणीही चढणार नाही, आणि पुजारी बसून राहतील. रथ वळणावरून जाईपर्यंत वीज बंद ठेवण्याबाबत महावितरणला स्वतंत्र पत्र दिले आहे, प्रत सोबत जोडली आहे.' याच्याच खाली नगरपरिषदेचं काम : वळणाजवळच्या उघड्या गटारावर झाकण, पोस्टासमोरचा खडीचा ढीग उचलणं, शाळेपुढच्या वडाची लोंबती फांदी छाटणं. फांदी आपणच तोडून टाकू, असं उत्साही कार्यकर्ते म्हणतात. शहरी भागात झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, छाटायलाही नगरपरिषदेची परवानगी लागते, म्हणून तेही अर्जातच टाकावं.

वेळेचा हिशेबही कागदावर मांडला तेव्हा डोळे उघडले. ढोल-ताशासह रथ तासाला जेमतेम किलोमीटरभर सरकतो. सव्वादोन किलोमीटरला सव्वादोन तास. चार चौकांत वीस-वीस मिनिटांचे मुक्काम, म्हणजे आणखी एक तास वीस मिनिटं. घाटावर आरतीला अर्धा तास. चार तास पाच मिनिटं झाली. मंडळाची परंपरा होती सात वाजता निघायची, म्हणजे शेवट अकरा वाजून पाच मिनिटांनी. ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच ही मर्यादा बारापर्यंत वाढते, आणि आमची यात्रा त्या यादीत नव्हती. दर वर्षी दहाच्या सुमाराला पोलीस आणि पोरांची बाचाबाची का व्हायची याचं कोडं तिथे सुटलं. आम्ही निघायची वेळ साडेपाच केली आणि एक मुक्काम कमी केला. सव्वानऊला आरती संपणार होती. वाटेतल्या रुग्णालयाच्या दोन्ही बाजूंना शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे ढोल बंद ठेवू, हेही लिहून दिलं. यावरून मंडळात जेवढं भांडण झालं तेवढं तारेवरून झालं नव्हतं.

स्वयंसेवकांची यादी देताना नुसती नावं आणि मोबाइल देऊन भागत नाही. कोण कुठे उभा राहणार ते लागतं. बाजारपेठेत रस्ता मोजला तर २० फूट भरतो, पण दुकानांचे पत्रे आणि लावलेल्या दुचाकी वजा केल्या की उरतात चौदा. त्यात ७ फुटांचा रथ. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट माणसांना. एवढ्या पट्ट्यात दाटी झाली आणि पुढून रेटा आला की मागच्याला थांबता येत नाही, चाकाखाली जाण्याची भीती असते. म्हणून आम्ही रथाच्या दोन्ही बाजूंना दोर धरणारे सहा-सहा जण ठेवले, चाकांजवळ दोघे फक्त चाकांकडे बघणारे, आणि शिंपी आळीचा बोळ दुचाकींपासून मोकळा ठेवायला दोघे. रुग्णवाहिका याच बोळातून आत येणार, हे नकाशावर लाल रेघेने दाखवलं.

अर्ज तीन आठवडे आधी दिला. चार प्रती, एकीवर आवक क्रमांकासह पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाठपुरावा करायचा तो त्या क्रमांकाच्या आधाराने, नाहीतर 'तुमचा अर्ज आलाच नाही' हे ऐकायची तयारी ठेवावी लागते. पाचव्या दिवशी बांधकाम विभागातला अभियंता स्वतः आला आणि म्हणाला, "भाऊ, कुठे काय करायचंय हे पहिल्यांदाच कुणी लिहून दिलंय." गटारावरचं झाकण मात्र यात्रेच्या आदल्या रात्री अकरा वाजता बसलं.

मिरवणुकीच्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी रथ वळणाच्या अलीकडे थांबला. पुजारीबुवांनी आधी ध्वज उतरवला, मग कळस. वायरमनने खांबावरून हात केला, बाजारपेठेतले दिवे गेले, ढोलही थांबले. अंधारात फक्त दोरवाल्यांची "हळू, हळू" ऐकू येत होती. रथ वळून सरळ झाला, दिवे आले तेव्हा कळस पुजारीबुवांच्या मांडीवर होता, आणि त्यांनी तो एका हाताने घट्ट धरला होता.