तात्यांच्या वाट्याचे चार महिने

भागीदाराचा मृत्यू 31 मार्चला झाला, तर हिशेबनिसाचं काम निम्मं सोपं होतं. वर्ष संपलेलं असतं, ताळेबंद होणारच असतो, त्यातून गेलेल्याचा वाटा काढायचा. वर्षाच्या मधेच कुणी गेलं की प्रश्न येतो: वह्या बंद झालेल्या नाहीत, नफा किती ते अजून कुणालाच माहीत नाही, मग त्यातला वाटा कसा ठरवायचा?

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी तिघांचं कृषी सेवा केंद्र आहे. तात्या, अण्णा आणि बापू. नफ्यातला वाटा 2:2:1, म्हणजे पाचातले दोन तात्यांचे, दोन अण्णांचे, एक बापूंचा. 31 जुलैला तात्या गेले. आर्थिक वर्षाचे चार महिने झालेले. भागीदारीपत्रात लिहिलं होतं की कुणी गेल्यास उरलेले दोघं दुकान चालू ठेवतील आणि वारसांना मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या नफ्यातला वाटा देतील. हे लिहिलेलं नसतं तर 1932च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे फर्म त्या दिवशीच विसर्जित झाली असती.

पण वाटा नेमका कसा काढायचा, हे त्या कलमात नव्हतं. बरीच भागीदारीपत्रं जुन्या नमुन्यावरून टाइप केलेली असतात, आणि नेमकी हीच ओळ मोघम राहून जाते.

पहिला मार्ग सोपा, वेळेच्या हिशेबाने. मागच्या तीन वर्षांचा नफा 7,20,000, 9,00,000 आणि 10,80,000 रुपये. सरासरी 9,00,000. चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, म्हणून 3,00,000. त्यातले दोन पंचमांश तात्यांचे: 1,20,000 रुपये. तारीख महिन्याच्या मधली असती तर दिवस मोजले असते. 17 जुलै असती तर एक एप्रिलपासून 108 दिवस, भागिले 365.

या गणितात नफा वर्षभर सारखा पडतो असं गृहीत धरलेलं असतं. किराणा दुकानात ते फारसं चुकत नाही. बी-बियाणं आणि खतांच्या दुकानात मात्र ते पार फसतं. एप्रिल-मे मध्ये दुकानात माशा मारायच्या आणि मृगाचा पाऊस पडला की काउंटरवर पाय ठेवायला जागा नाही. खरिपाची बहुतेक विक्री त्या सात-आठ आठवड्यांत उरकते. तात्या गेले ते नेमके हंगाम उरकल्यावर.

म्हणून दुसरा मार्ग, विक्रीच्या हिशेबाने. मागच्या वर्षीची विक्री 1 कोटी 20 लाख आणि नफा 10,80,000. म्हणजे शंभराला नऊ. यंदा एक एप्रिल ते 31 जुलै विक्री झाली 70 लाख. नऊ टक्क्यांनी नफा 6,30,000, आणि तात्यांचा वाटा 2,52,000 रुपये. माणूस तोच, दुकान तेच, तारीखही तीच, आणि पद्धत बदलताच वाटा दुपटीहून जास्त.

वारसांवर अन्याय करणारी पद्धत ती वेळेची, असं मात्र इथून धरून चालू नये. तात्या 31 मेला गेले असते तर? वेळेच्या हिशेबाने दोन महिन्यांचे दीड लाख, त्यातले 60,000 तात्यांचे. विक्री तोवर जेमतेम पाच लाखांची, त्यावर नफा 45,000, वाटा 18,000. मग अण्णा-बापू म्हणाले असते, विक्रीवर काढा. म्हणून पद्धत सगळे जिवंत असताना ठरवायची असते, कारण तेव्हा आधी कोण जाणार आणि कोणत्या महिन्यात, हे कुणाला ठाऊक नसतं.

हंगामी धंद्यात विक्रीची पद्धत जास्त न्याय्य, असं मला वाटतं. तिचा आणखी एक फायदा म्हणजे विक्रीचा आकडा लपवायला अवघड. जीएसटीची विवरणपत्रं भरलेली असतात, बिलबुकं असतात, वारसांच्या सी.ए.ला ती ताडून पाहता येतात. कच्चा दुवा आहे तो नऊ टक्क्यांचा. तो दर मागच्या वर्षीचा आहे. यंदा खताची बरीचशी विक्री उधारीवर झाली असेल, आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, तर ती उधारी सुगीनंतर वसूल होईलच असं नाही. तरीही तात्यांचा वाटा 31 जुलैच्या अंदाजावर ठरून गेलेला असतो. नंतर नफा घटला तर ती झळ उरलेल्या दोघांना, आणि वाढला तर ती वाढही त्यांचीच.

तिसरा मार्ग म्हणजे त्या तारखेला खराखुरा हिशेब करणं. गोदामातली पोती मोजायची, उधारीची वही तपासायची, नफा-तोटा पत्रक चार महिन्यांचं काढायचं. ऐकायला हे सगळ्यात चोख वाटतं. पण गोदामात उभं राहिलं की अडचण कळते. जुलैअखेर उरलेल्या सोयाबीनच्या पिशव्यांची किंमत काय धरायची? बियाण्याची मुदत पिशवीवर छापलेली असते आणि पुढच्या हंगामापर्यंत उगवणशक्ती टिकेल याची खात्री नसते. कंपनीने परत घेतलं तर खरेदीचा भाव, नाही घेतलं तर जवळपास शून्य. ही किंमत लिहिणार कोण? तर अण्णा आणि बापू, ज्यांना वाटा द्यायचाय ते. हा मार्ग निवडायचा तर मोजणीच्या वेळी वारसांचा माणूस हजर हवा.

वहीत नोंद कशी होते तेही पाहू, कारण घरच्यांना बहुतेकदा हीच नोंद दाखवली जाते. वर्षाचा नफा अजून निघालेला नाही, म्हणून ही रक्कम थेट नफा-तोटा खात्यातून काढता येत नाही. ती नफा-तोटा उचंत खात्याला नावे टाकतात आणि तात्यांच्या भांडवल खात्याला जमा करतात. मार्चअखेर खरा नफा निघाला की उचंत खातं त्यातून मिटवतात. वारसांनी एवढंच बघायचं, की तात्यांच्या खात्याच्या जमा बाजूला ही ओळ आहे का, आणि ती कोणत्या पद्धतीने काढलीय.

आता विमा. या तिघांनी एक सामायिक आयुर्विमा पॉलिसी घेतली होती, 30 लाखांची. तिघांपैकी जो पहिला जाईल त्याच्या मृत्यूनंतर रक्कम मिळायची. हप्ते फर्म भरत होती. तात्यांच्या घरी समजूत अशी की हा तात्यांचा विमा, तीसच्या तीस लाख आपले. अण्णांच्या घरी नेमकं उलट: हप्ता दुकानाने भरला, दुकान आता आपलं, म्हणून पैसे आपले.

दोन्ही चूक. पॉलिसी फर्मच्या मालकीची, म्हणून रक्कम फर्मच्या खात्यात येते. तात्या त्या दिवसापर्यंत भागीदार होते, म्हणून त्या रकमेत त्यांचाही वाटा आहे, नफ्याच्या प्रमाणात. 30 लाखांचे दोन पंचमांश म्हणजे 12 लाख तात्यांच्या भांडवल खात्याला जमा, 12 लाख अण्णांच्या आणि 6 लाख बापूंच्या.

इथे एक बारकावा आहे. काही फर्म विम्याचा हप्ता दरवर्षी खर्च म्हणून नफ्यातून वजा करतात. मग ताळेबंदात पॉलिसी दिसतच नाही आणि मिळालेले तीस लाख सगळेच वाटायचे. काही फर्म मात्र पॉलिसीला मालमत्ता मानून तिचं सरेंडर मूल्य ताळेबंदात दाखवतात. समजा ते 4 लाख होतं. तर वाटायचे 26 लाख, आणि तात्यांच्या वाट्याला 10,40,000. घरच्यांना वाटेल, दीड लाखाहून जास्त गायब. तसं नसतं. ज्या वर्षांत हप्त्याची ती रक्कम खर्चात न टाकता मालमत्ता म्हणून राहिली, त्या वर्षांत नफा तेवढा जास्त निघाला आणि त्यातला तात्यांचा हिस्सा, 1,60,000, भांडवलात आधीच बसलाय. दोन्ही मिळून पुन्हा 12 लाखच. चूक होते ती ताळेबंदात पॉलिसी दिसत असूनही पूर्ण तीस लाख वाटले तर. मग ते चार लाख दोनदा वाटले जातात. म्हणून आधीचा ताळेबंद मागायचा आणि मालमत्तेच्या बाजूला पॉलिसीची ओळ आहे का ते पाहायचं.

एकच सामायिक पॉलिसी न घेता प्रत्येक भागीदारावर वेगळी पॉलिसी घेणाऱ्या फर्मही असतात. तेव्हा तात्यांच्या पॉलिसीचे पैसे तर फर्मला मिळतातच, शिवाय अण्णा-बापूंच्या चालू पॉलिसींचं त्या दिवशीचं सरेंडर मूल्यही फर्मची मालमत्ता असतं, आणि तात्यांचा त्यातही वाटा निघतो. वारसांना हे सांगायचं राहून जातं, कारण त्या पॉलिसींचे पैसे अजून हातात आलेले नसतात.

आमच्या उदाहरणात पॉलिसी ताळेबंदात नव्हती. तात्यांचं भांडवल 8,00,000. विम्यातले 12,00,000. डीडप्रमाणे ख्याती एका वर्षाच्या सरासरी नफ्याइतकी, म्हणजे 9,00,000, तिचे दोन पंचमांश 3,60,000. नफ्यातला वाटा वेळेच्या हिशेबाने 1,20,000. एकूण 24,80,000. चार महिन्यांत घरखर्चाला उचललेले 80,000 वजा केले की राहिले 24,00,000. विक्रीच्या हिशेबाने गेलं तर 25,32,000.

सामायिक पॉलिसीचा खरा उपयोग इथे दिसतो. विमा नसता तर 12 लाख द्यायचे होते, आणि जुलैअखेर या दुकानाचा पैसा शेतकऱ्यांच्या उधारीत आणि गोदामातल्या पोत्यांत अडकलेला असतो. अण्णा-बापूंनी कर्ज काढलं असतं, नाहीतर वारसांना सुगीपर्यंत थांबवलं असतं. तीस लाख रोख आले म्हणून 24 लाख एकरकमी देता आले आणि सहा लाख दुकानात उरले.

थांबवलंच असतं तर काय? कलम 37 वारसांना निवड देतं. हिशेब न मिटवता उरलेले भागीदार धंदा चालवत राहिले, तर वारस एकतर तात्यांच्या मालमत्तेच्या वापरातून नंतर झालेल्या नफ्यातला वाटा मागू शकतात, किंवा थकलेल्या रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज. डीडमध्ये वेगळं ठरलं असेल तर तेच लागू. नफ्याचा वाटा सिद्ध करायला वह्या उघडाव्या लागतात, व्याज मात्र आपोआप मोजता येतं: 24 लाखांवर वर्षाला 1,44,000, महिन्याला 12,000. पाऊस चांगला झाला तर पहिला पर्याय, नाहीतर दुसरा. वारस भागीदार मात्र आपोआप होत नाहीत. त्याला अण्णा आणि बापू दोघांचीही संमती लागते.

आणि फर्म दोघांचीच असेल, तर धंदा पुढे चालू राहील हे कलम कितीही नीट लिहिलं तरी उपयोगी पडत नाही. एका माणसाची भागीदारी होत नसते. सेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1965 साली हेच सांगितलं. तिथे दुसरा भागीदार गेला की फर्म संपते, आणि आधी फर्मची सगळी देणी फेडून उरलेल्यातून वारसांचा हिशेब होतो.