एका रस्त्याखाली दोन जलवाहिन्या

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या उत्तर आणि पश्चिम भागात रस्ते पुन्हापुन्हा उकरले जात होते. त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं तिथे न्यू रिव्हर कंपनी पाणी पुरवत होती. तिचे नळ एल्म झाडाचे ओंडके पोखरून केलेले होते. ते गळत, कुजत आणि जास्त दाब सोसत नसत. 1806 मध्ये वेस्ट मिडलसेक्स आणि 1811 मध्ये ग्रँड जंक्शन अशा नव्या कंपन्यांना पार्लमेंटने परवानगी दिली. त्यांच्याकडे बिडाचे नळ आणि वाफेवर चालणारे पंप होते, त्यामुळे वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढवणं शक्य झालं. स्पर्धा आली की पाणी स्वस्त होईल आणि सेवा सुधारेल, अशी अपेक्षा होती.

सुधारणा थोडीफार झालीही. नव्या कंपन्यांच्या धाकाने न्यू रिव्हरने लाकडी नळ काढून लोखंडी टाकायला घेतले. पण त्याच रस्त्यांखाली दुसरीचे, काही ठिकाणी तिसरीचेही नळ येऊन पडले. कंपन्यांची माणसं दारोदार फिरून गिऱ्हाइकं फोडू लागली आणि दर उतरत गेले.

हे दर इतके का उतरले, ते समजून घेण्यासारखं आहे. समजा, एका गल्लीत शंभर घरं आहेत आणि तिथे नळ टाकायला दहा लाख रुपये लागतात. एकाच कंपनीने पाणी दिलं, तर दर घरामागे दहा हजारांचा भार येतो. दुसरी कंपनी येऊन निम्मी घरं घेऊन गेली, तर नळांवरचा खर्च वीस लाख होतो आणि तोच भार वीस हजारांवर जातो. गल्लीला लागणारं पाणी मात्र तेवढंच राहतं. शिवाय मोठा नळ लहान नळापेक्षा कितीतरी किफायतशीर असतो. व्यास दुप्पट केला की आतली पोकळी चौपट होते, आणि पाण्याचं घर्षण तुलनेने कमी पडत असल्याने ते चौपटीहूनही जास्त वाहतं. चर खणण्याची मजुरी मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. दोन लहान नळांपेक्षा एक मोठा नळ नेहमीच परवडतो, तो यामुळे. अर्थशास्त्रात याला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. एकटी कंपनी सगळ्यांना ज्या खर्चात पुरवू शकते, त्या खर्चात दोन कंपन्या मिळून पुरवू शकत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. जमिनीत पुरलेला नळ उपटून दुसरीकडे विकता येत नाही. त्याचा पैसा अडकला तो अडकला. एकदा नळ पडला की आणखी एका घराला पाणी द्यायला खर्च येतो तो जवळजवळ पंपाच्या कोळशाचाच. म्हणून गिऱ्हाईक हातचं जाऊ नये यासाठी कंपनी त्या कोळशाच्या खर्चापर्यंत दर खाली आणू शकते. समोरचीही तेच करते. दोघींचीही नळांची गुंतवणूक वसूल होत नाही आणि दोघीही तोट्यात जातात. मग उरतात दोनच वाटा: एकीने दुसरीला गिळायचं किंवा दोघींनी इलाखे वाटून घ्यायचे.

लंडनच्या उत्तर भागातल्या कंपन्यांनी 1817 पर्यंत दुसरी वाट धरली. नकाशावर हद्दी आखल्या गेल्या, एकमेकींच्या हद्दीतून त्या बाहेर पडल्या आणि लगेच दर वाढवले. रहिवासी संतापले, 1821 मध्ये पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. लोकांच्या दृष्टीने हा सौदा दोन्हीकडून महागात पडला. जास्तीच्या नळांचा पैसा वाया गेला तो गेलाच, आणि वर ज्याच्यावर कोणाचाही अंकुश नाही असा एकच पुरवठादार प्रत्येक भागाच्या वाट्याला आला.

थेम्सच्या दक्षिणेला हीच लढत 1830 च्या दशकात झाली. तिथल्या बऱ्याच वस्त्यांत लॅम्बेथ आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल या दोन कंपन्यांचे नळ पुढे कित्येक वर्षं शेजारी शेजारी राहिले. एका घरात एकीचं पाणी, शेजारच्या घरात दुसरीचं. कंपनी निवडली होती ती बहुतेक ठिकाणी पूर्वी कधीतरी घरमालकाने.

1852 मध्ये लॅम्बेथने आपला उपसा शहराच्या वर, थेम्स डिटनला नेला. दुसरी कंपनी बॅटरसीजवळ, शहराच्या सांडपाण्याने नासलेलं पाणीच उचलत राहिली. 1854 मध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांना या शेजारी नळांचं महत्त्व कळलं. माणसं त्याच वस्तीतली, हवा तीच, घरं सारखी. फरक फक्त पाण्याचा. ते मृत्यू झालेल्या घरांचा शोध घेत दारोदार गेले. पण भाडेकरूंना आपल्याकडे कुठल्या कंपनीचं पाणी येतं हेच ठाऊक नसे, कारण पाणीपट्टी मालक भरत. तेव्हा स्नो यांनी पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. बॅटरसीच्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त होतं, त्यामुळे तिथे दाट पांढरा साका येई. लॅम्बेथच्या पाण्यात जेमतेम धूसरपणा येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर दहा हजार घरांमागे 315 मृत्यू झाले, तर लॅम्बेथच्या 37.

वैद्यकाच्या इतिहासात हा शोध मोठा मानला जातो, आणि तो आहेच. पण त्या आकड्यांत स्पर्धेचाही हिशेब दडलेला आहे. ज्या रस्त्यांखाली दोन-दोन नळ होते, तिथेही स्पर्धेने घाण पाण्याला हुसकून लावलं नाही. पिणाऱ्याच्या हाती निवड नव्हती आणि पाण्यातला दोष डोळ्यांना दिसत नव्हता. भरती-ओहोटीच्या टापूबाहेर, टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या वरूनच उपसा करण्याची सक्ती झाली ती कायद्याने. पुढे 1904 मध्ये लंडनच्या आठही खाजगी पाणी कंपन्या एका सार्वजनिक मंडळाकडे गेल्या.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत विजेच्या रूपाने उभा राहिला. 2003 च्या वीज कायद्याने एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याची सोय केली, पण तिने स्वतःचं जाळं उभारावं अशी अट घातली. म्हणजे लंडनसारखीच एका रस्त्याखाली दोन केबल टाकण्याची वेळ. जुलै 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांनाही वीज विकण्याची मुभा दिली. तेव्हा उपनगरांतल्या बहुतेक इमारतींपर्यंत पोचलेल्या तारा होत्या रिलायन्सच्या. 2009 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने मधला मार्ग काढला: ग्राहकाने वीज टाटांची घ्यावी, पण ती रिलायन्सच्याच तारांतून यावी आणि तारांचं भाडं वेगळं द्यावं. कंपनी बदलली तरी रस्ता खोदायची गरज उरली नाही.

या वाटेने स्पर्धा येते ती विजेच्या विक्रीत, तारांत नाही. तारा एकाच्याच राहतात आणि त्यांचं भाडं बाजार ठरवत नाही, आयोग ठरवतो. वीज बिलावर ‘वहन आकार’ नावाची जी ओळ असते, ती याच भाड्याची. कंपनीने तारांवर किती खर्च दाखवला, त्यातला कोणता आयोगाने मान्य केला, गळती किती धरली, यावर तो आकडा ठरतो. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि तिथे कुणाही ग्राहकाला या खर्चावर हरकत नोंदवता येते.