चौकट : सहा महिन्यांनी डॉलर कितीला?

जरीपटक्यातल्या एका आयातदाराला सहा महिन्यांनी १०,००० डॉलर चुकते करायचे आहेत, असा परीक्षेतला प्रश्न समजा. आजचा दर ८० रुपये. वार्षिक व्याजदर भारतात ८ टक्के, अमेरिकेत ४ टक्के.

व्याजदर समतेनुसार आधी व्याज मुदतीपुरतं करा : ४ आणि २ टक्के. दर ‘एका डॉलरला इतके रुपये’ असा दिला असेल, तर रुपयाचं व्याज अंशात, डॉलरचं छेदात.

८० × १.०४ ÷ १.०२ = ८१.५७ रुपये

म्हणजे ८,१५,७०० रुपये लागतील. व्याज निम्मं करायचं राहिलं, तर दर ८३.०८ येतो आणि रक्कम १५,१०० रुपयांनी फुगते. सर्वाधिक गुण इथेच जातात.

प्रश्नात महागाईचे दर दिले असतील, तर क्रयशक्ती समता वापरा. भारतात ६ टक्के, अमेरिकेत २ टक्के असेल, तर वर्षानंतरचा दर :

८० × १.०६ ÷ १.०२ = ८३.१४ रुपये

नुसती ४ टक्क्यांची वजाबाकी करून ८३.२० येतात, ते अंदाजे उत्तर झालं.

पडताळा सोपा आहे : ज्या देशात महागाई किंवा व्याज जास्त, त्याचं चलन उतरायला हवं. उत्तरात डॉलर स्वस्त झाला, तर अंश-छेद उलटले आहेत.

पहिला दर बँकेशी आजच ठरवता येणारा वायदा दर आहे. तो फार हलला, तर एका देशात कर्ज काढून दुसरीकडे ठेव ठेवणारे त्याला जागेवर आणतात. दुसरा निव्वळ अंदाज. तो दीर्घकाळातच जुळतो.