जनरेटर थोडाच वेळ, पण भरल्या लोडवर

जिथे विजेची लाईन पोहोचत नाही, अशा डोंगरातल्या कामाच्या कॅम्पवर जनरेटर रात्रंदिवस धडधडत असतो. डिझेल वाचवायचं म्हटलं की आधी सोलर पॅनल आठवतात. पण डिझेलची मोठी नासाडी जनरेटर जवळजवळ रिकामा चालतो म्हणून होते, आणि ती नुसत्या पॅनलने थांबत नाही.

समजा, कॅम्पवर २५ केव्हीएचा, म्हणजे २० किलोवॅटचा जनरेटर आहे. पंप आणि वेल्डिंग मशीन सुरू होताना झेपावी म्हणून तो एवढा मोठा घेतलेला. प्रत्यक्षात सरासरी लोड ३ किलोवॅटचाच, म्हणजे दिवसाला ७२ युनिट. इंजिन नुसतं फिरत ठेवायलाही तासाला लिटरभर तरी डिझेल जातं. त्यामुळे या लोडवर तासाला दोनेक लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ४५ लिटर लागतात. हाच जनरेटर १५ किलोवॅटवर चालवला, तर तासाला ५ लिटर जातील, पण वीज पाचपट मिळेल.

म्हणून आधी बॅटरी. ४० युनिटची लिथियम बॅटरी बसवली, की जनरेटर दिवसातून दोनदा, प्रत्येकी पावणेतीन तास चालवून तिच्यात वीज साठवता येते. एरवी तो बंद. साठवताना जाणारी वीज धरून ८० युनिट तयार करावे लागतात, तरी डिझेल २७ लिटरवर येतं. मात्र पंप सुरू होतानाचा झटका आता इन्व्हर्टरला सोसायचा असतो, त्यामुळे तो तेवढ्या ताकदीचा हवा.

मग पॅनल. १२ किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४८ युनिट देतात. जनरेटर दोन तासांवर येतो आणि डिझेल १० लिटरवर. पावसाळ्यात ऊन कमी पडतं, तेव्हा हे तास वाढणारच.

बॅटरी न बसवता फक्त पॅनल जोडले, तर दुपारी जनरेटरवरचा लोड आणखी उतरतो. इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि आत काजळी साचते. सायलेन्सरच्या जोडातून काळा, तेलकट द्रव पाझरू लागला, तर हेच घडतंय असं समजावं. लोड ३० टक्क्यांच्या खाली फार वेळ राहू देऊ नये.

आणखी एक चूक सेटिंगमध्ये होते. पहाटे जनरेटरने बॅटरी शंभर टक्के भरली, तर दिवसाचं ऊन साठवायला जागाच उरत नाही आणि पॅनलची वीज वाया जाते. बॅटरी २५ टक्क्यांवर आली की जनरेटर सुरू व्हावा आणि ६० टक्क्यांवर बंद व्हावा. उरलेलं काम उन्हाचं. टाकी भरायचा पंपही दुपारीच लावावा.

सगळं नीट चाललंय का, हे वहीत कळतं. महिन्याचं डिझेल जनरेटरच्या मीटरवरच्या युनिटने भागा. युनिटमागे ३५० मिलीच्या आसपास आलं तर ठीक. अर्ध्या लिटरच्या वर गेलं, तर जनरेटर पुन्हा रिकामा धावतोय.